स्लिदरलिंक: कोपरे, अंक आणि एकच बंद लूप (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बेळगाव शहरात रविवारी सकाळी आम्ही काही जण कोडी सोडवायला जमतो. टिळकवाडी-शहापूरची शाळकरी पोरं असतात, खानापूर आणि निपाणीहून अधूनमधून येणारे शिक्षक असतात, निवृत्त मंडळीही असतात. सुडोकू बहुतेकांना येतं. स्लिदरलिंक पुढ्यात आलं की मात्र प्रश्न सुरू होतात, आणि ते साधारण तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथं एकत्र लिहिली आहेत. कोपऱ्यातल्या अंकांवर जरा जास्त लिहिलं आहे, कारण बहुतेक कोडी तिथूनच उघडतात.

हे कोडं आहे तरी काय?

कागदावर ठिपक्यांची चौकोनी जाळी असते. चार ठिपक्यांमध्ये एक घर तयार होतं. काही घरांत ०, १, २ किंवा ३ यांपैकी अंक असतो, काही घरं रिकामी असतात. शेजारशेजारच्या दोन ठिपक्यांना आडव्या किंवा उभ्या रेघेनं जोडत जायचं आणि शेवटी एकच बंद लूप तयार करायचा. घरातला अंक सांगतो की त्या घराच्या चार बाजूंपैकी नेमक्या किती बाजूंवर रेघ आहे. रिकाम्या घराला कसलीच अट नाही.

लूप स्वतःला कुठं छेदत नाही, त्याला फाटा फुटत नाही, त्याचं टोक कुठं लोंबकळत राहत नाही. सगळे ठिपके वापरलेच पाहिजेत असंही नाही.

अंक फक्त ३ पर्यंतच का? ४ का नसतो?

चारही बाजूंवर रेघ आली की त्या एका घराभोवतीच लूप बंद होतो. मग दुसरीकडे काहीच काढता येणार नाही.

ठिपक्यांच्या रांगोळीसारखंच की हे?

ठिपक्यांपुरतं तसंच. पण रांगोळीत तिरकी रेघ चालते, वळण चालतं, एकावर एक फुलं चालतात. इथं फक्त सरळ आडवी-उभी रेघ, तीही लगतच्या दोन ठिपक्यांमध्येच.

हे आलं कुठून?

जपानमधल्या निकोली या कोड्यांच्या प्रकाशनसंस्थेच्या मासिकात ते १९८९ साली पहिल्यांदा छापून आलं. वाचकांनी पाठवलेल्या दोन वेगवेगळ्या कोड्यांची कल्पना संपादकांनी एकत्र केली होती. सुरुवातीला प्रत्येक घरात अंक असे. नंतर लक्षात आलं की बरीच घरं रिकामी ठेवूनही उत्तर एकच राहतं, आणि कोड्याला खरी रंगत तेव्हा आली.

सुरुवात कुठून करायची?

अंक बघायच्या आधी ठिपक्याचा नियम मनात पक्का करा: कुठल्याही ठिपक्यापाशी एकतर एकही रेघ नसते, नाहीतर बरोबर दोन असतात. एक असली तर टोक लोंबकळलं, तीन असल्या तर फाटा फुटला, चार असल्या तर लूपनं स्वतःला छेदलं. पुढचं सगळं या एका गोष्टीतून निघतं. कोपऱ्याचे नियम पाठ करणारी पोरं आठवड्याभरात ते विसरतात. ठिपक्याचा नियम ज्यांना कळला ती कोपऱ्याचे नियम हवे तेव्हा पुन्हा काढू शकतात.

दुसरी सवय फुलीची. जिथं रेघ येणार नाही हे नक्की झालं तिथं लगेच लहान फुली मारायची. फुली न मारता सोडवणारा माणूस मिळालेली अर्धी माहिती टाकून देत असतो.

कोपऱ्यातल्या ३ चं काय करायचं?

जाळीच्या अगदी कोपऱ्यातल्या ठिपक्याला दोनच वाटा असतात. त्यामुळे तिथं दोन्ही रेघा असतात किंवा दोन्ही नसतात. कोपऱ्यातल्या घरात ३ असेल तर त्याची फक्त एकच बाजू मोकळी राहू शकते. बाहेरच्या दोन्ही बाजू मोकळ्या सोडल्या तर तीन रेघा होणारच नाहीत. म्हणून बाहेरच्या दोन्ही बाजू लगेच काढायच्या. तिसरी रेघ आतल्या दोनपैकी कुठल्या बाजूवर, ते नंतर ठरतं.

आणि १ असेल तर?

तेच तर्क उलटं. बाहेरच्या दोन्ही बाजू काढल्या तर दोन रेघा झाल्या, एकाच्या वर गेल्या. म्हणून बाहेरच्या दोन्ही बाजूंवर फुली. एकमेव रेघ आतल्या दोनपैकी एका बाजूवर येणार.

कोपऱ्यात २ असेल तर काहीच कळत नाही, बरोबर?

हा समज बऱ्याच जणांचा असतो. कोपऱ्यातल्या २ ला दोन शक्यता आहेत: बाहेरच्या दोन्ही बाजू, किंवा आतल्या दोन्ही बाजू. दोन्हींपैकी कुठली ते लगेच कळत नाही हे खरं. पण कडेवरच्या शेजारच्या ठिपक्याकडे बघा.

समजा २ वरच्या उजव्या कोपऱ्यात आहे. त्याच्या वरच्या बाजूचं डावं टोक म्हणजे कडेवरचा एक ठिपका. त्याला तीन वाटा: उजवीकडे २ ची वरची बाजू, खाली २ ची डावी बाजू, आणि डावीकडे कडेनं पुढं जाणारी रेघ. पहिल्या शक्यतेत वरची बाजू आहे, डावी नाही. दुसरीत डावी आहे, वरची नाही. काहीही झालं तरी २ कडून त्या ठिपक्यात बरोबर एकच रेघ येते. मग जोडी पूर्ण करायला कडेनं डावीकडे जाणारी रेघ काढावीच लागते. तसंच खालच्या बाजूला: उजव्या कडेवरून खाली जाणारी रेघही नक्की.

म्हणजे २ च्या स्वतःच्या घरात एकही रेघ न काढता त्याच्या दोन्ही शेजाऱ्यांच्या कडेच्या रेघा मिळाल्या. कोपऱ्यातल्या चारही अंकांत मला हाच सगळ्यात देखणा वाटतो.

शून्याचा काय उपयोग ओ? तिथं तर काहीच काढायचं नाही.

शून्याच्या चारही बाजूंवर फुली पडते आणि तिचा परिणाम शेजारी जातो. कोपऱ्यात ० असेल तर कडेवरच्या शेजारच्या ठिपक्याच्या तीन वाटांपैकी दोन बंद झाल्या. उरलेल्या एकीतून रेघ आली तर टोक लोंबकळेल, म्हणून तिच्यावरही फुली.

शून्य जाळीच्या मधोमध असेल आणि त्याच्या तिरक्या दिशेला ३ असेल तर आणखी मजा. दोघांच्या सामाईक ठिपक्याच्या चार वाटांपैकी शून्याकडच्या दोन बंद आहेत. उरल्या दोन, आणि त्या दोन्ही ३ च्या बाजू आहेत. म्हणजे ३ च्या दृष्टीनं तो ठिपका कोपऱ्यातला ठिपकाच झाला. दोन्ही बाजू काढा. फुल्यांनी ज्या ठिपक्याच्या दोनच वाटा उरल्या आणि त्या दोन्ही एकाच घराच्या असल्या, तिथं कोपऱ्याचे नियम जसेच्या तसे चालतात. कागदाचा कोपरा असण्याची गरज नाही.

दोन ३ शेजारी आले तर?

दोन्ही घरं मिळून तीन समांतर बाजू असतात: पहिल्याची बाहेरची, मधली सामाईक, आणि दुसऱ्याची बाहेरची. तिन्हींवर रेघ येते. मधली नसती तर दोन्ही घरांच्या उरलेल्या तीन-तीन बाजू काढाव्या लागल्या असत्या आणि दोन घरांभोवतीच लूप बंद झाला असता. मधली आहे, पण एका टोकाची बाहेरची नाही असं मानलं, तर त्या ३ च्या वरच्या-खालच्या बाजू येऊन मधल्या रेघेच्या दोन्ही टोकांना जोडी मिळते. मग दुसऱ्या ३ ची वरची आणि खालची बाजू दोन्ही बंद होतात आणि त्याला तीन रेघा मिळत नाहीत. म्हणून तिन्ही नक्की.

मधल्या रेघेच्या सरळ पुढं, घरांच्या पलीकडे, फुली मारायला विसरू नका. प्रत्येक ३ ची आणखी एक बाजू मधल्या रेघेच्या कुठल्या ना कुठल्या टोकाला मिळते, आणि त्या दोन बाजू दोन वेगळ्या टोकांना असतात. दोन्ही टोकांची जोडी भरलेली.

एखादं कोडं पूर्ण सोडवून दाखवा.

हे चार बाय चारचं आहे. अंक फक्त सात, चारही कोपऱ्यांत अंक आहे.

```
•   •   •   •   •
  ३   ३       २
•   •   •   •   •
              ३
•   •   •   •   •
              २
•   •   •   •   •
  १           ३
•   •   •   •   •
```

घराचं नाव सांगताना आधी वरून ओळ, मग डावीकडून घर. म्हणजे ४-१ हे खालच्या ओळीतलं पहिलं घर, ज्यात १ आहे.

आधी कोपरे. १-१ मधल्या ३ च्या वरच्या आणि डाव्या बाजूवर रेघ. ४-४ मधल्या ३ च्या खालच्या आणि उजव्या बाजूवर रेघ. ४-१ मधल्या १ च्या डाव्या आणि खालच्या बाजूवर फुली. १-४ मधल्या २ मुळे १-३ च्या वरच्या बाजूवर आणि २-४ च्या उजव्या बाजूवर रेघ.

आता वरच्या ओळीतले शेजारी ३. १-१ ची डावी, दोघांमधली आणि १-२ ची उजवी अशा तीन उभ्या रेघा. १-१ च्या वरच्या, डाव्या, उजव्या बाजू झाल्या, म्हणून खालच्या बाजूवर फुली. मधल्या रेघेच्या वरच्या टोकाला १-१ ची वरची बाजू आधीच मिळाली आहे, म्हणून १-२ ची वरची बाजू बंद, आणि तिसरी रेघ त्याच्या खालच्या बाजूवर. १-१ ची डावी रेघ खाली उतरते तिथं उजवीकडे फुली आहे, म्हणून ती तशीच खाली २-१ च्या डाव्या बाजूवर जाते. १-२ च्या खालच्या दोन्ही ठिपक्यांच्या जोड्या भरल्या. त्यामुळे २-१ आणि २-२ मध्ये, २-२ आणि २-३ मध्ये, तसंच १-३ च्या खालच्या बाजूवर फुल्या पडतात.

उजवीकडे २-४ मध्ये ३ आहे. १-४ च्या २ साठी बाहेरच्या दोन बाजू घेऊन बघा. मग त्याच्या डाव्या आणि खालच्या बाजूवर फुली. त्या दोन बाजू जिथं मिळतात त्या ठिपक्याला १-३ च्या खालची वाटही बंद आहे, उरते फक्त २-४ ची डावी बाजू. एकटी रेघ चालत नाही, म्हणून तीही बंद. मग २-४ च्या वरच्या आणि डाव्या दोन्ही बाजू गेल्या आणि ३ कधीच पूर्ण होणार नाही. म्हणजे ही शक्यता खोटी. १-४ च्या आतल्या दोन बाजू, म्हणजे डावी आणि खालची, काढा. २-४ च्या डाव्या बाजूवर फुली, आणि वर, उजवीकडे, खाली रेघ.

कडेवरून २-४ ची उजवी रेघ आत वळली, म्हणून ३-४ च्या उजव्या बाजूवर फुली. ४-४ ची उजवी रेघ वर चढते आणि तिला पुढं वाट नाही, म्हणून ती ४-४ च्या वरच्या बाजूवर वळते. ४-४ चे तीन झाले, डावी बाजू बंद, आणि खालची रेघ ४-३ च्या खालून डावीकडे सरकते. ३-४ मधल्या २ ला वरची आणि खालची अशा दोन रेघा मिळाल्या, म्हणून त्याच्या डाव्या बाजूवर फुली. त्यामुळे वरची रेघ २-३ च्या खालून डावीकडे जाते, आणि खालची ४-३ च्या वरून डावीकडे जाते.

इथं आम्ही नेहमी अडकतो. आता कुठलाच अंक मदत करत नाही.

अंक खरंच मदत करत नाहीत. इथून पुढं 'एकच लूप' ही अट काम करते.

४-३ च्या वर रेघ आहे, खाली रेघ आहे. ४-२ आणि ४-३ मध्ये उभी रेघ काढली तर ४-३ आणि ४-४ भोवती लहान लूप बंद होईल आणि वरचा भाग वेगळा पडेल. म्हणून तिथं फुली. खालची रेघ मग ४-२ च्या खालून पुढं जाते. तिथून ४-१ च्या खाली फुली आहे, म्हणून ती ४-१ च्या उजव्या बाजूनं वर चढते. ४-१ चा १ भरला. त्याच्या वरच्या बाजूवर फुली, त्यामुळे ३-१ च्या डाव्या बाजूवरही फुली. २-१ च्या डावीकडून उतरलेली रेघ आता २-१ च्या खालून उजवीकडे वळते.

४-१ च्या उजवीकडून वर चढलेल्या रेघेला दोन वाटा: सरळ वर, किंवा उजवीकडे ४-२ च्या वरून. उजवीकडे गेली तर ती ४-३ च्या वरच्या रेघेला मिळून पुन्हा लहान लूप बंद करते. म्हणून सरळ वर, ३-१ च्या उजव्या बाजूनं, आणि तिथं ती २-१ च्या खालच्या रेघेला मिळते. ४-३ च्या वरच्या रेघेला डावीकडे आणि खाली वाट नाही. ती ३-३ च्या डाव्या बाजूनं वर जाऊन २-३ च्या खालच्या रेघेला भेटते. लूप पूर्ण.

```
•───•   •───•   •
│ ३ │ ३ │   │ २
•   •───•   •───•
│             ३ │
•───•   •───•───•
    │   │     २
•   •   •───•───•
  १ │         ३ │
•   •───•───•───•
```

पण आमच्या उत्तरात सगळे अंक जुळतात आणि तरी चूक म्हणता!

याच कोड्यात हे अगदी सहज घडतं. ४-३ आणि ४-४ भोवती लहान लूप बंद करा. वरचा लूप ३-१ च्या डाव्या, खालच्या आणि उजव्या बाजूनं फिरवून आणा, आणि तिथून २-२, २-३ च्या खालून उजवीकडे न्या. आता अंक तपासा: ४-१ ला वरून एक रेघ मिळाली, ३-४ ला दोन, बाकी सगळे आहेत तसेच. सातही अंक बरोबर, पण लूप दोन. उत्तर चूक.

म्हणून सगळं सुटल्यावर अंक तपासण्याआधी पेन्सिलीचं टोक एका रेघेवर ठेवून पूर्ण फेरी मारा. फेरी संपल्यावर एखादी रेघ शिल्लक दिसली तर दुसरा लूप आहे. वरच्या उत्तरात २२ रेघा आहेत आणि सगळ्या एका फेरीत येतात.

मधेच कुठं चुकलं ते लवकर कळायची काही खूण आहे का?

आहे. घरांच्या कुठल्याही एका आडव्या ओळीतल्या उभ्या रेघा मोजा, संख्या नेहमी सम येते. डावीकडून उजवीकडे जाताना प्रत्येक रेघेला तुम्ही लूपच्या आत किंवा बाहेर जाता, आणि सुरुवात-शेवट दोन्ही बाहेर असतात. वरच्या उत्तरात पहिल्या ओळीत चार, बाकी तीन ओळींत दोन-दोन. उभ्या रांगेतल्या आडव्या रेघांचंही तेच. एखाद्या ओळीत सगळं ठरलं आणि मोजणी विषम आली तर चूक त्या ओळीतच आहे किंवा तिच्यात आलेल्या एखाद्या फुलीत आहे. दोन वेगळे लूप मात्र ही खूण पकडत नाही, कारण प्रत्येक लूपची मोजणी समच असते.

अंदाजानं रेघ काढून बघितली तर चालतं का?

वर १-४ च्या २ साठी आपण तेच केलं: एक शक्यता धरली आणि ती दोन-तीन पावलांत मोडली. इतक्या जवळचा अंदाज हा तर्कच आहे. दहा पावलं पुढं जाऊन सगळं खोडावं लागत असेल तर बहुधा जवळच एखादी फुली मारायची राहिली आहे. मोठ्या जाळीत सरसकट झटपट मार्ग मिळेल अशी आशा मात्र धरू नका. ताकायुकी यातो यांनी २००० साली सिद्ध केलं की हे कोडं एनपी-पूर्ण प्रकारात मोडतं, म्हणजे कितीही मोठी जाळी दिली तरी लवकर सोडवेल अशी कुठलीही रीत आजवर कुणाला सापडलेली नाही. छापलेली कोडी सुटतात, कारण रचणाऱ्यानं वाट ठेवलेली असते.

शेजारची पोरं कन्नड माध्यमाची आहेत. एकत्र सोडवता येईल?

हो, यात वाचायला शब्दच नाहीत. हातानं जाळी काढताना फक्त अंक कुठल्या लिपीत ते आधी ठरवा. देवनागरी २ आणि ३ इंग्रजी अंकांच्या जवळ आहेत, १ मात्र नाही. कन्नड लिपीतला एक घाईत लिहिला की शून्यासारखा दिसतो, आणि इथं १ ऐवजी ० वाचलं तर कोडं सुटतच नाही. मिश्र गटात आम्ही इंग्रजी अंक वापरतो. शून्य मोठं काढा, नाहीतर ते ठिपक्यात मिसळतं.

फोनवर किंवा संगणकावर सराव कुठं करायचा?

सायमन टॅथम यांच्या मोफत कोडी-संचात हाच खेळ Loopy नावानं आहे. संगणकावर डाव्या क्लिकनं रेघ येते, उजव्या क्लिकनं 'इथं रेघ नाही' अशी खूण होते. सुरुवातीला लहान चौकोनी जाळी निवडा. त्यात त्रिकोणी आणि षटकोनी जाळ्याही मिळतात, पण तिथं कोपऱ्याचे वरचे नियम तसेच्या तसे लागू होत नाहीत. ठिपक्याचा नियम लागू होतो.

वर्गासाठी स्वतः कोडं तयार करायचं आहे. कसं करू?

उलट्या बाजूनं. आधी रिकाम्या जाळीत एक लूप काढा. मग प्रत्येक घराभोवतीच्या रेघा मोजून सगळे अंक लिहा. त्यानंतर एक एक अंक खोडत जा, आणि प्रत्येक वेळी उरलेल्या अंकांवरून कोडं पहिल्यापासून सोडवून बघा. तर्कानं तोच लूप निघाला तर अंक खोडलेला ठेवा. दोन उत्तरं निघाली तर अंक परत लिहा.

वरच्याच कोड्यात ३-४ मधला २ खोडून बघा. आता आणखी एक उत्तर निघतं: २-४ च्या खालची रेघ ३-३ आणि ३-४ यांच्या मधून सरळ खाली येते आणि ४-४ च्या वरच्या रेघेला मिळते. दुसरीकडे २-१ ची डावी रेघ ३-१ च्या डावीकडून उतरते, ४-१ च्या आणि ४-२ च्या वरून जाते, मग ४-२ आणि ४-३ च्या मधून खाली येऊन तळाच्या रेघेला मिळते. उरलेले सहाही अंक जुळतात आणि लूपही एकच आहे. म्हणून तो २ ठेवावाच लागतो.